पादऱ्याला पावट्याचं निमित्त

पावट्यावर आपल्याकडे फार अन्याय झालाय. म्हण तर आहेच, पण घरात कुणी सोडला की पहिला प्रश्न हाच, आज उसळ होती का, हरभरा खाल्लास का, डाळीत हिंग कमी पडलं का. मी सोलापुरात एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज सकाळी नाकासमोरून कुठकुठल्या डब्या जातात त्याचं वर्णन इथं करत नाही, जेवण करून वाचणारे पण असतील. पण एक गोष्ट ठाम सांगतो. पावटा, हरभरा, मटकी हे आवाज वाढवतात. सडक्या अंड्याचा जो वास येतो, ज्यानं माणसं खिडकी उघडतात आणि एकमेकांकडं बघायला लागतात, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा उद्योग असतो.

आता हिशोब बघा. निरोगी माणूस दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर गॅस खालून सोडतो, कबूल करो न करो. त्यातला जवळजवळ नव्व्याण्णव टक्के गॅस बिनवासाचा असतो: नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींमध्ये मिथेन, थोडासा ऑक्सिजन. वास सगळा उरलेल्या एक टक्क्याच्या आतला, आणि त्यात मुख्य आरोपी हायड्रोजन सल्फाइड. गंधक आणि हायड्रोजन, बस.

हे कुणी शोधलं ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. अमेरिकेत मायकेल लेव्हिट नावाचे डॉक्टर होते, आयुष्यभर त्यांनी पोटातल्या गॅसवरच काम केलं. त्यांच्या टीमनं 1998 साली सोळा निरोगी माणसांना राजम्यासारख्या बिया खायला घातल्या, त्यांचा गॅस नळीनं पिशव्यांत गोळा केला, मशीनवर मोजला, आणि मग दोन परीक्षक बसवले, ज्यांनी सिरिंजमधून थोडा थोडा गॅस नाकाजवळ सोडून वासाला मार्क दिले. हो, मार्क. (आमच्या लॅबमध्ये मी कधी पगाराची तक्रार केली की मला ते दोघं आठवतात.) निकाल असा निघाला की वास जितका जास्त तितका हायड्रोजन सल्फाइड जास्त, त्याच्या मागं मिथेनथायॉल म्हणजे कुजलेल्या भाजीसारखा वास आणि शेवटी डायमिथाइल सल्फाइड, ज्याचा वास चक्क गोडसर. तिन्हीत गंधक. आणखी एक गंमत, बायकांच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण जास्त निघालं, पण पुरुषांचा गॅस मापानं जास्त, त्यामुळं एकूण वासात मामला बरोबरीत सुटला. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, मार्क देणारे दोघं कोण होते ते आधी सांगा.

त्या प्रयोगात हायड्रोजन सल्फाइड सरासरी किती होता? लाख भागांत अडीच भागाच्या आसपास. आणि आपलं नाक तो दहा कोटी भागांत एक भाग असला तरी साधारण ओळखतं. म्हणजे खोलीतल्या हवेत मिसळून हजारपट पातळ झाला तरी बसमधल्या मागच्या सीटपर्यंत निरोप पोचतो. म्हणून वास जास्त आहे म्हणजे गॅस फार झालाय असं धरायचं काही कारण नाही. उलट जो गपचूप जातो, गरम लागतो आणि अख्खी बस हलवतो, त्यात गॅस कमीच असतो. असं का, ते पुढं येतंच.

आता भाच्याची गोष्ट. माझ्या बहिणीचा पोरगा पोलीस भरतीच्या तयारीला आमच्याकडं राहायला आला. सकाळी ग्राउंड, संध्याकाळी तालीम. आल्यावर थोड्याच दिवसांत घरात वास सुरू झाला. आधी आम्हाला वाटलं बाथरूमची मोरी तुंबली, मग बायकोला वाटलं सिलेंडर लीक होतोय, कारण वास तिला नेमका तसाच वाटत होता. तिनं रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा एक नाही. तिचं नाक चुकलं असं मात्र म्हणता यायचं नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं गंधकाचं केमिकल मुद्दाम घालतात, आणि वर सांगितलेलं मिथेनथायॉल हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. तिनं भावकी बरोबर ओळखली, घर तेवढं दुसरं निघालं.

मग मी त्याला गच्चीवर नेलं आणि विचारलं, काय खायलास बे तू दिवसभर?

"काय नाही मामा, साधंच. सकाळी सहा अंडी."

"उकडून?"

"कच्ची. दुधात फेटून. तालमीत सगळे तसंच घेतात."

त्याशिवाय प्रोटीन पावडर दोन स्कूप, दुपारी चिकन, रात्री परत चिकन नाहीतर अंडा भुर्जी, तोंडी लावायला शेंगाची चटणी, आणि भाकरी बंद. का बंद, तर कार्ब असतात म्हणे. मामी रोज ज्वारीची भाकरी थापते आणि हा बाजूला सारतो, त्यावरून घरात आधीच एक शीतयुद्ध चालू होतं.

इथं थांबून कच्च्या अंड्याचं नीट बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या लोकांनी 1998 सालीच एक मोजणी केली होती, ज्यांच्या लहान आतड्याचं तोंड ऑपरेशन करून पोटावर पिशवीत काढलेलं असतं अशा पेशंटवर, म्हणजे लहान आतड्यातून न पचता काय बाहेर पडतं ते थेट दिसतं. शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन एक्क्याण्णव टक्के पचलं. कच्च्याचं एक्कावन्न. जवळजवळ निम्मं तसंच पुढं गेलं. कारण कच्च्या पांढऱ्यातलं प्रोटीन घट्ट गुंडाळलेलं असतं, वर त्यातच पचनाच्या एन्झाइमला अडवणारे घटकही असतात, आणि शिजवलं की हे दोन्ही मोडतात.

आता भाच्याचं गणित. सहा अंड्यांत धरा छत्तीस ग्रॅम प्रोटीन. उकडून खाल्ली असती तर तीन-साडेतीन ग्रॅम मोठ्या आतड्यात गेलं असतं. कच्ची खाल्ल्यामुळं सतरा-अठरा ग्रॅम. पेशंटवरचा आकडा धडधाकट पोराला जसाच्या तसा लागू होणार नाही, थोडं कमी धरा, पण फरक तरी केवढा! आणि अंड्याच्या प्रोटीनमध्ये सिस्टीन आणि मेथिओनिन ही गंधकवाली अमिनो आम्लं भरपूर. पावडर व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनची होती, त्यातही सिस्टीन चांगलंच असतं. म्हणजे पोरगं रोज मोठ्या आतड्याला गंधकाचा रतीब घालत होतं.

मोठ्या आतड्यात काय होतं? तिथं अब्जावधी जंतू बसलेत आणि त्यांची पहिली पसंती प्रोटीनला नाहीच, पिठाला आणि तंतूला आहे. न पचलेलं पीठ, डाळीतल्या साखरा, फायबर हे आलं की मोठ्या आतड्याच्या सुरवातीला, पोटाच्या उजव्या बाजूला, ते त्यावर तुटून पडतात, आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि आतड्याच्या कामाची आम्लं तयार होतात. डाव्या बाजूला माल पोचेपर्यंत हे बरंचसं संपलेलं असतं, लग्नातल्या शेवटच्या पंगतीसारखं, जिलेबी गेली, मसालेभात गेला, आता जे आहे ते खा. तिथं उरतं ते प्रोटीन. मग जंतू सिस्टीन फोडून त्यातला गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात बाहेर टाकतात, मेथिओनिनमधून मिथेनथायॉल. हे काम करणारे एकदोन नाहीत, फ्युजोबॅक्टेरियम, क्लॉस्ट्रिडियम, क्लेब्सिएला, अगदी आपला नेहमीचा ई. कोलायसुद्धा. भाच्यानं भाकरी बंद केली म्हणजे जंतूंची जिलेबीच बंद केली, आणि बद्धकोष्ठ असेल तर हा प्रकार आणखी वाढतो, कारण माल डावीकडं जास्त वेळ पडून राहतो.

हा गॅस दिसतो कसा ते मी रोज बघतो. लॅबमध्ये जंतू वाढवायला ट्रिपल शुगर आयर्न नावाचं माध्यम असतं, टेस्ट ट्यूबमध्ये तिरकं गोठवलेलं, रंगानं लालसर. त्यात गंधकाचं एक संयुग आणि लोखंडाचा क्षार घातलेला असतो. संशयित जंतू सुईनं आत खुपसून रात्रभर इनक्युबेटरला ठेवायचे. सकाळी प्रोटियससारखा जंतू असला तर खालचा भाग काळाकुट्ट, जणू शाई ओतली, कारण त्यानं हायड्रोजन सल्फाइड सोडला आणि लोखंडाबरोबर काळं आयर्न सल्फाइड झालं. टायफॉइडचा जंतू असेल तर काळेपणा जेमतेम, मध्ये एक बारीक रेघ. ई. कोलाय ह्या ट्यूबमध्ये काळं करत नाही, पण त्यालाच सिस्टीन भरपूर दिलं आणि वर लेड ॲसिटेटचा कागद टांगला तर कागद काळा पडतो. म्हणजे जंतू तोच, खायला काय घालताय त्यावर वास. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली ह्या कागदात आहे, आणि लोक नुसतं कुठला जंतू वाईट तेवढं विचारत बसतात.

तरी काही जंतूंचा धंदाच गंधकाचा आहे, त्यांना टाळून चालणार नाही. डिसल्फोव्हिब्रिओ म्हणून एक कुळ आहे, माणसाच्या पोटात त्यातला पायगर नावाचा जास्त सापडतो. आपण जसा ऑक्सिजन घेतो तसा तो सल्फेट वापरतो, आणि जाळायला दुसऱ्या जंतूंनी सोडलेला हायड्रोजन उचलतो. चार भाग हायड्रोजन खातो आणि एक भाग हायड्रोजन सल्फाइड सोडतो. बघा, गॅसचं माप घटलं आणि वास वाढला. तो गपचूप सुटणारा बसमधला प्रकार म्हणजे अशाच कामाचा नमुना. ह्याच हायड्रोजनवर डोळा ठेवून आणखी एक मंडळ बसलेलं असतं, मिथेन बनवणारं मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर. ते पण चार भाग खाऊन एक भाग सोडतं, पण मिथेनला वास नाही. कुणाच्या पोटात कोण वरचढ हे माणसागणिक वेगळं, म्हणून एकाच ताटातलं खाऊन एकाचा वास येतो आणि दुसरा साळसूद बसतो.

ह्या सल्फेटवाल्यांना सल्फेट येतो कुठून? थोडा जेवणा-पाण्यातून, पण त्यातला बराचसा लहान आतड्यातच शोषला जातो. मोठा साठा म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर असतो तोच, त्यात सल्फेट चिकटलेला असतो, दुसरे जंतू तो थर कुरतडतात आणि सल्फेट सुटतो. म्हणून कडक उपास करणाऱ्याचा पण वास येऊ शकतो. गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा, जो आपल्या पंढरपूर-सांगली पट्ट्यात सगळ्यांना ओळखीचा आहे, त्यातून सल्फाइट जातो, तोही ह्यांच्या कामाचा. आणि मटण. मटणाच्या चरबीसाठी पित्त जास्त सुटतं, पित्तात टॉरिन असतं, टॉरिनमध्ये गंधक, आणि त्याच्यावर जगणारा बिलोफिला वाड्सवर्थिया नावाचा जंतू आहे, त्याचं नावच मुळी पित्त आवडणारा अशा अर्थाचं. रविवारी मटण आणि सोमवारी ऑफिसात पंखा फुल्ल, ह्याचं एक कारण तिथं आहे.

भाज्यांतला मुळा, कोबी, फ्लॉवर हे मात्र डाळीसारखे निर्दोष नाहीत. त्यांच्यात गंधकाची संयुगं स्वतःचीच असतात, शिवाय फायबर पण, म्हणजे आवाज आणि वास दोन्हीची सोय. लसूण-कांद्याचं तसंच. आमच्या शेंगाच्या चटणीत लसूण काय कमी असतो का, खलबत्त्यात कुटताना तेल सुटेपर्यंत कुटायचा तो. पण चटणी खातो आपण चमचा-दोन चमचे. तिच्यावर खापर फोडणं मला पटत नाही, आणि हे मी सोलापूरचा आहे म्हणून बोलतोय असं वाटलं तर वाटू दे.

तर भाच्याला मी अंडी बंद कर म्हटलं नाही. अंडी उकडून खा म्हटलं, कच्च्यात साल्मोनेलाची भीती वेगळीच. एका वेळी सहा नको, तीन सकाळी तीन संध्याकाळी, म्हणजे लहान आतड्याला पचवायला उसंत. पावडर एक स्कूप. आणि भाकरी सुरू, त्यातही रात्रीची उरलेली शिळी चालेल, कारण शिजलेलं पीठ गार झालं की त्यातला काही भाग घट्ट बसतो आणि लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जंतूंना मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात माणसाच्या विष्ठेतले जंतू भांड्यात वाढवून बघितलं होतं, सिस्टीन घातलं की हायड्रोजन सल्फाइड भसाभस वाढला, सल्फेट घालून त्या मानानं फारच कमी, आणि असं न पचणारं पीठ घातलं की तो खाली आला. भांडं म्हणजे पोट नव्हे, हे मान्य. पण दिशा कळते.

सोबत मटकीची उसळ पण सुरू केली, आणि पहिले काही दिवस काय झालं असेल सांगा. आवाज वाढला! पहाटे भाचा ग्राउंडला निघायच्या आधी पलीकडच्या खोलीतून तोफा ऐकू यायच्या आणि तो बिचारा लाजून लाल. "मामा, हे तर वाढलं की." मी म्हटलं वास येतो का बघ. वास नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही, पण मामी सिलेंडर तपासायला उठत नव्हती. पुढं जंतूंना नव्या रेशनची सवय झाली तसे आवाजही कमी आले. तालमीत मात्र त्यानं कच्च्या अंड्याबद्दल तोंड उघडलं नाही. वस्ताद ऐकणार नाहीत म्हणाला.

औषधाचं विचारतात लोक. ज्या गोळ्यांनी बुडबुडे फुटतात, त्यांनी वासाला काही होत नाही, कारण त्या गंधकाला धरत नाहीत. ओवा-हिंगानं बरं वाटतं ते पोट मोकळं झाल्याचं. वासावर खरं काम करतं बिस्मथ, ते हायड्रोजन सल्फाइडला पकडून काळं बिस्मथ सल्फाइड करतं, लेव्हिट यांच्याच टीमनं ते दाखवलं होतं, वास देणारा गॅस पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त घटला. पण त्यानं शौच काळं होतं, आणि ॲस्पिरिन चालत नसलेल्यांना किंवा लहान मुलांना बिस्मथ सबसॅलिसिलेट द्यायचं नसतं, महिनोन्‌महिने तर कुणीच घ्यायचं नसतं. वासापायी एवढं करावं असं मला वाटत नाही.

आता जिथं अंडी-चिकनचा संबंध नसतो ते. काउंटरवर येऊन कुणी हळूच सांगतं की खालून वास येतोच पण ढेकरसुद्धा सडक्या अंड्याची येतेय, पोट फुगतंय, शौच पातळ, चिकट, वर तेलकट तरंगतं, वजन उतरतंय. नुसता वास असेल तर मी हसून सोडून देतो, पण हे सगळं मिळून असेल तर डॉक्टरकडं जा म्हणतो, कारण जिआर्डिया नावाचा परजीवी असाच वागतो आणि तो दूषित पाण्यातून येतो. दूध पिऊन त्रास होणारे वेगळे, गव्हानं होणारे वेगळे, आणि शौचातून रक्त असेल तर घरगुती शोध थांबवायचा.

जिआर्डियासाठी एका सॅम्पलवर निकाल लावू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. तो रोज सारखा पडत नाही, आज स्लाइडवर काही नाही आणि परवा त्याच माणसाच्या सॅम्पलमध्ये लंबगोल सिस्ट रांगेनं दिसतात. म्हणून एकाआड एक दिवस असे तीन नमुने द्यायचे, कोरड्या स्वच्छ डबीत, लघवी न मिसळता, आणि सकाळी ताजेच, फ्रिजमध्ये साठवून रविवारचं सोमवारी नको. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी दिलं तर उत्तम. आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का, एवढं जाता जाता बघून घ्या.